२५% सूट दिसते, पण मशीन शेवटी कितीला पडतं?

प्रश्न: फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्यायचंय. ऑनलाइन ३२,९९० दाखवतंय. त्यावर १,००० चं कूपन आहे, माझ्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर १०% इन्स्टंट डिस्काउंट (अटींमध्ये कमाल १,५००, ईएमआयवर २,००० असं लिहिलंय), त्याच कार्डावर १०एक्स पॉइंट, आणि कॅशबॅक साइटवरून गेलो तर २%. म्हणजे ३ + १० + १० + २ असे २५% सुटले ना, साधारण २४,७५० ला पडेल? वर ९ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय पण आहे. दुसरं एक ५% कॅशबॅकवालं कार्ड पण आहे माझ्याकडे. आमच्या इथला दुकानदार २९,८०० च्या खाली यायला तयार नाही. काय करू?

उत्तर:

२४,७५० ला नाही पडणार. साधारण तीस हजाराच्या आजूबाजूला पडेल, आणि दुकानदार २९,८०० म्हणतोय तो तुम्हाला फसवत नाहीये, हे आधी सांगतो म्हणजे त्याच्याशी उगाच वाद नको.

मी काही वर्षं एका इलेक्ट्रॉनिक्स डीलरकडे अकाउंट्स बघायचो, नंतर घरातल्या आणि नातेवाइकांच्या सगळ्या मोठ्या खरेद्यांचा हिशोब माझ्याकडेच येतो, त्यामुळे हे गणित मी इतक्या वेळा केलंय की ते आता एकाच पद्धतीने करतो. ती पद्धत म्हणजे टक्के विसरायचे आणि फक्त रुपये लिहायचे, ते पण तीन कप्प्यांत. पहिला कप्पा, आज कार्डावर नक्की किती रक्कम जाणार. दुसरा, नंतर बिलात गुपचूप किती वाढणार. आणि तिसरा, नंतर काय परत मिळणार आणि ते मिळायची खात्री किती. पहिला अधिक दुसरा वजा तिसरा, ही तुमची खरी किंमत. टक्क्यांची बेरीज करून चालत नाही कारण प्रत्येक टक्का वेगळ्या रकमेवर लागतो, प्रत्येकाला वेगळी मर्यादा असते आणि काही टक्के तर मुळात टक्केच नसतात, तुमच्या १०एक्ससारखे.

आधी पहिला कप्पा. ३२,९९० मधून कूपनचे १,००० गेले, राहिले ३१,९९०. बँकेची सूट ही कूपन वजा झाल्यावर उरलेल्या रकमेवर लागते, मूळ किमतीवर नाही. ३१,९९० चे १०% म्हणजे ३,१९९ होतात पण तुमच्याच अटींत कमाल १,५०० लिहिलंय, म्हणजे सूट १,५०० च. सगळ्यात मोठी गफलत इथे होते. १,५०० ची मर्यादा १५,००० रुपयांच्या खरेदीवरच संपते, त्याच्यावरच्या जवळपास सतरा हजारांवर बँक तुम्हाला एक पैसा देत नाहीये. तुमच्या मशीनवर हा १०% खरं तर ४.७% आहे. पाच-सहा हजाराचा मिक्सर किंवा ओटीजी असता तर पूर्ण १०% मिळाला असता. (मिक्सरसाठी बहुतेक सेलमध्ये वेगळी किमान खरेदीची अट असते आणि बऱ्याचदा एका कार्डाला एका सेलमध्ये एकदाच सूट मिळते, त्यामुळे ती कशावर वापरायची ते घरात आधी ठरवा, छोट्या वस्तूवर वापरून टाकली आणि मोठ्या वस्तूला उरली नाही असं खूप जणांचं होतं.)

मग ३१,९९० वजा १,५०० म्हणजे ३०,४९०. आता चेकआउटच्या शेवटच्या पानावर नीट बघा, बँक ऑफर वापरली की हल्ली बऱ्याच ठिकाणी ऑफर हँडलिंग फी किंवा प्रोसेसिंग फी असं काहीतरी पन्नासेक रुपयांचं जोडलेलं असतं. मी ४९ धरतो. झाले ३०,५३९. मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर शीट उघडून एका खान्यात हे टाका:

```
=32990-1000-MIN(10%*(32990-1000),1500)+49
```

उत्तर 30539 येईल. MIN चा अर्थ एवढाच की दहा टक्के आणि १,५०० यातलं जे कमी असेल तेच घ्यायचं. दुसऱ्या साइटवर भाव बघताना नुसते आकडे बदलायचे, दहा सेकंदात तुलना होते. हा आकडा पेमेंट करायच्या आधी स्क्रीनवर दिसणाऱ्या शेवटच्या रकमेशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर तुम्ही काहीतरी अट चुकीची वाचली आहे, तिथेच थांबा, ओटीपी टाकू नका. बहुतेक वेळा एकतर कूपनच्या चौकोनावर टिक केलेली नसते (वस्तूच्या पानावर ती वेगळी करावी लागते, आपोआप लागत नाही), नाहीतर कार्ड त्या ऑफरमध्ये बसत नसतं. एकाच बँकेचं डेबिट चालतं पण क्रेडिट नाही, किंवा कॉर्पोरेट कार्ड चालत नाही, असं असतं.

आता पॉइंट. १०एक्स म्हणजे १०% नाही. १०एक्स म्हणजे एरवी १०० रुपयाला १ पॉइंट मिळतो त्याऐवजी १० मिळतील, बस. एका पॉइंटची किंमत किती यावर सगळं आहे. तुम्ही कार्डाचं नाव दिलं नाहीत पण अशा कार्डांवर पॉइंट बऱ्याचदा २५ पैशाचा असतो, म्हणजे ४ पॉइंटला १ रुपया, मी तोच धरतो. तुमचा किती आहे ते बघायला जाहिरात वाचू नका, बँकेच्या ॲपमध्ये रिडीमच्या पानावर जा आणि ५०० रुपयाचं साधं शॉपिंग व्हाउचर किती पॉइंटला देतायत ते बघा. २,००० पॉइंट मागत असतील तर पॉइंट २५ पैशाचा, १,००० मागत असतील तर ५० पैशाचा. काही महागड्या कार्डांवर विमानाच्या तिकिटाला तोच पॉइंट जास्त किमतीचा होतो, पण तुम्ही खरोखर तिकीट काढणार असाल तरच ती किंमत धरा, नाहीतर व्हाउचरचीच धरायची.

तुमच्या कार्डावर ३०,५३९ गेले, म्हणजे शंभराचे ३०५ पूर्ण टप्पे, वरचे ३९ रुपये वाया. ३०५ गुणिले १० म्हणजे ३,०५० पॉइंट. भागिले ४, म्हणजे ७६२ रुपये पन्नास पैसे. ३०,५३९ वर हे अडीच टक्के झाले, दहा नाही. वर बऱ्याच बँका रिडीम करताना ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. ते गेले की हातात ६४५ राहतात. अजून बरेच पॉइंट साठले की एकदमच रिडीम करणार असाल तर फी सगळ्यांवर वाटली जाते, तेवढा फायदा. पण मग पॉइंटची मुदत लक्षात ठेवायची. माझे स्वतःचे एका बँकेचे जवळजवळ साडेसहा हजार पॉइंट मुदत संपून गेलेत, दोन वर्षं रोज वापरलेल्या कार्डाचे, आणि मेल आला होता तो जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडलेला. तेव्हापासून मी खर्च झाला त्याच दिवशी पॉइंटच्या संपण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकतो. आणखी एक, १०एक्स हे ठरावीक साइटवरच असतं आणि महिन्याला पॉइंटची मर्यादा असते, तुमची साइट त्या यादीत आहे ना ते आजच्या तारखेला बघा. यादी बदलत राहते, सहा महिन्यांपूर्वी मित्राने सांगितलेलं धरून चालू नका.

तर बँक कार्ड, एकरकमी पेमेंट: ३०,५३९ वजा ६४५, म्हणजे २९,८९४ च्या आसपास.

आता तुमचं दुसरं ५% वालं कार्ड. त्याच्यावर बँक ऑफर नाही त्यामुळे १,५०० पण नाहीत आणि ४९ ची फी पण नाही. कूपन मात्र लागतं कारण ते वस्तूवर आहे, कार्डावर नाही. कार्डावर जातील ३१,९९०, त्याचे ५% म्हणजे १,५९९. कॅशबॅक स्टेटमेंटमध्ये थेट वजा होत असेल तर तुमचं मशीन ३०,३९१ ला पडलं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पॉइंट धरले तर बँक कार्ड सुमारे ५०० रुपयांनी स्वस्त. पॉइंट नाही धरले, म्हणजे तुम्ही ते रिडीम करणारच नसाल, तर ३०,५३९ विरुद्ध ३०,३९१, म्हणजे ५% वालं कार्ड दीडशे रुपयांनी स्वस्त. तुमचा निर्णय १०% वर नाही, ते ३,०५० पॉइंट तुम्ही खरंच वापरणार का यावर अवलंबून आहे. म्हणून मी विचारतो, आतापर्यंत या कार्डाचे पॉइंट तुम्ही कधी रिडीम केलेत का? केले असतील तर ६४५ पूर्ण धरा. तीन वर्षांत एकदाही केले नसतील तर शून्य धरा, प्रामाणिकपणे.

५% कार्डाबद्दल दोन गोष्टी तपासून घ्या. एक म्हणजे महिन्याची मर्यादा. समजा तुमच्या कार्डाला एका बिलिंग सायकलमध्ये १,००० च कॅशबॅक मिळत असेल तर वरचे ५९९ गेले आणि मशीन ३०,९९० ला पडलं. या महिन्यात त्याच कार्डावर किराणा-औषधं घेऊन अर्धी मर्यादा आधीच संपली असेल तर आणखी वाईट. दुसरी गोष्ट, कॅशबॅक कुठल्या रूपात येतो. बिलातून वजा होत असेल तर तो रुपया म्हणजे रुपयाच. पण त्याच साइटच्या वॉलेटमध्ये बॅलन्स म्हणून येत असेल तर तो तिथेच खर्च करावा लागतो. तुम्ही दर महिन्याला तिथून सामान मागवत असाल तर मी तो पूर्ण किमतीला धरतो, पण वर्षातून दोनदाच खरेदी करत असाल तर त्या बॅलन्ससाठी काहीतरी नको असलेलं घेतलं जातं, म्हणून मी शंभरचे ऐंशी-नव्वदच धरतो.

आता नो कॉस्ट ईएमआय, इथे जरा वेळ देऊन वाचा कारण इथे पैसे नंतर जातात आणि लोकांना कळत पण नाही. बिनव्याजी असं बँक काही देत नाही. शून्य टक्के म्हणून विकल्या जाणाऱ्या ईएमआयमध्ये व्याज प्रोसेसिंग फी वगैरेंच्या आड लपवलं जातं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच परिपत्रक काढून म्हटलं होतं. आता जे चालतं ते असं: विक्रेता किंवा कंपनी तुम्हाला व्याजाइतकी सूट आधीच देते, बँक मात्र उरलेल्या रकमेवर नेहमीसारखं व्याज लावते, आणि दोन्ही मिळून तुमचे हप्ते मूळ किमतीइतकेच होतात. इथपर्यंत ठीक. पण त्या व्याजावर १८% जीएसटी लागतो आणि तो तुमच्या खिशातून जातो, तो नो कॉस्टमध्ये बसत नाही. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी.

तुमच्या बाबतीत करून दाखवतो. ईएमआयवर सूट २,००० आहे म्हणजे ३१,९९० चे झाले २९,९९०. ९ हप्ते, प्रत्येकी ३,३३२ रुपये. बँकेचा दर वर्षाला १५% धरला, म्हणजे महिन्याला सव्वा टक्का, तर कार्डावर कर्जाची रक्कम साधारण २८,१९८ टाकली जाईल आणि नऊ महिन्यांत व्याज १,७९२ होईल. हे १,७९२ तुम्हाला आधीच सूट म्हणून मिळाले, ठीक. पण त्यावरचा जीएसटी ३२२ रुपये, तो तुमचा. प्रोसेसिंग फी १९९ धरा, जीएसटीसकट २३५. ऑफरची ४९ फी आहेच. एकूण २९,९९० + ३२२ + २३५ + ४९, म्हणजे ३०,५९६. आणि ईएमआयच्या व्यवहारावर बहुतेक कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत, तो कप्पा रिकामा. म्हणजे दिसायला ५०० जास्त सूट, आणि शेवटी एकरकमीपेक्षा सातशे रुपयांनी महाग.

हे स्टेटमेंटवर कसं दिसतं ते सांगतो म्हणजे ओळखता येईल. पहिल्या महिन्यात तीन वेगळ्या ओळी असतील, मुद्दल २,९७९ रुपये ७४ पैसे, व्याज ३५२ रुपये ४८ पैसे, आणि खाली जीएसटी ६३ रुपये ४५ पैसे. पहिल्या दोन ओळींची बेरीज ३,३३२, तिसरी ओळ वर. पुढच्या महिन्यांत व्याज कमी होत जातं तसा तो जीएसटी पण कमी होतो, साठ, पन्नास, चाळीस असं करत, म्हणून कुणाच्या डोळ्यात भरत नाही. माझ्या बहिणीने फ्रिज घेतला तेव्हा ती म्हणाली की हप्ता दर महिन्याला वेगळा का येतोय, बँकेची चूक झाली का. चूक नव्हती, ही तिसरी ओळ होती.

ईएमआयच्या बाजूने एक खरी गोष्ट आहे ती पण सांगायला हवी. पैसे नऊ महिने हळूहळू जातात, तोपर्यंत ते तुमच्याकडे असतात. तीस हजार सरासरी पाच महिने तुमच्याकडे राहिले असं धरलं आणि सेव्हिंगला अडीच टक्के व्याज धरलं तर साधारण तीनशे रुपये मिळतात. म्हणजे ३०,५९६ चा तो आकडा मनात ३०,३०० धरा हवं तर. एकरकमीपेक्षा तरी जास्तच. हो, एकदम तीस हजार काढले तर महिन्याचा खर्च अडतो अशी स्थिती असेल तर ईएमआय जरूर घ्या. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता पुढे ढकललं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, ३०,५३९ वर एका महिन्याचे हजारावर रुपये आणि वर त्याचा जीएसटी, त्यापुढे ईएमआयचे हे पाच-सहाशे काहीच नाहीत. फक्त मुदत जितकी लहान तितकी बरी. हेच ३ महिन्यांचं घेतलं तर व्याज साधारण ७३४ होतं आणि जीएसटी १३२, म्हणजे ३२२ चे १३२ झाले. प्रोसेसिंग फी मात्र तीच राहते.

राहिली कॅशबॅक साइट. २% लिहिलंय पण ते बऱ्याचदा जीएसटी वगळून आणि सगळ्या सुटी वजा करून उरलेल्या रकमेवर असतं. ३०,४९० मधून १८% जीएसटी काढला (१.१८ ने भागायचं, १८% वजा करायचे नाहीत, ही पण नेहमीची चूक) तर २५,८३९ राहतात, त्याचे २% म्हणजे ५१६. आणि हे मिळतीलच असं नाही. त्या लिंकवरून गेल्यावर तुम्ही मध्येच दुसऱ्या टॅबमध्ये कूपन शोधायला गेलात, ॲड ब्लॉकर चालू होता, वस्तू आधीपासून कार्टमध्ये पडलेली होती, किंवा लिंक ब्राउझरमध्ये उघडून पेमेंट ॲपमध्ये केलंत, की ट्रॅकिंग तुटतं. पैसे पण परतीची मुदत संपल्यावर कन्फर्म होतात, दोन-तीन महिने सहज जातात. मी मोठ्या खरेदीत या पैशाला निम्मीच किंमत देतो, म्हणजे इथे २५८. ऑर्डर केल्यापासून एक-दोन दिवसांत तिथे तुमची ऑर्डर ट्रॅक झालेली दिसली नाही तर लगेच ऑर्डर नंबर आणि बिल लावून तक्रार टाका, तक्रारीची पण मुदत असते. जायच्या आधी कार्ट रिकामं करा, लिंकवरून जा, त्याच खिडकीत मशीन शोधा, कूपनवर टिक करा, पेमेंट करा. मध्ये कुठे जाऊ नका. आणि साइटने स्वतः दिलेलं, वस्तूच्या पानावरचंच कूपन वापरा, बाहेरून आणलेला कोड टाकला तर बऱ्याच ठिकाणी कॅशबॅक रद्द होतो.

तर ऑनलाइन सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे बँक कार्ड, एकरकमी, कॅशबॅक साइटवरून. २९,८९४ वजा २५८, म्हणजे २९,६३६. त्यात आज तुमच्या खात्यावर पडणारा बोजा ३०,५३९ चाच, बाकी नऊशे रुपये पुढच्या तीन-चार महिन्यांत तुम्ही नीट लक्ष ठेवलंत तर येणार.

आणि दुकानदार २९,८०० म्हणतोय. फरक १६४ रुपयांचा, तो पण पॉइंट आणि कॅशबॅक दोन्ही हिशोबाप्रमाणे आले तर. नाही आले तर दुकान सातशेने स्वस्त. माझं स्पष्ट मत, एवढ्या फरकासाठी तीस हजाराचं मशीन ऑनलाइन घेऊ नका, दुकानातून घ्या, पण काही गोष्टी आधी विचारून. २९,८०० पक्क्या जीएसटी बिलासकट आहे का ते विचारा, काही जण बिल नको असेल तरचा भाव सांगतात आणि बिल नसेल तर वॉरंटीला अडचण येते. हा भाव रोख किंवा यूपीआयचा आहे का ते विचारा, क्रेडिट कार्ड म्हटलं की काही जण वर २% मागतात, मग ते ३०,३९६ होतात आणि सगळं गणित फिरतं. फ्रंट लोडला स्टँड लागतो, ऑनलाइनवाले तो बहुतेक वेळा बसवायला येणाऱ्या माणसाकरवी वेगळे पैसे घेऊन देतात, दुकानदार त्याच भावात देतो का बघा. जुनं मशीन असेल तर एक्स्चेंजचे किती देतो तेही.

मशीन परत करायची वेळ आली तर काय होतं हे पण या तुलनेत धरायला हवं, कारण ऑनलाइनवर लोकांचा भरवसा परतीवरच असतो. रिफंड ३०,४९० चा येतो, ४९ ची फी बहुतेक येत नाही, पॉइंट उलटे वजा होतात, कूपन परत मिळत नाही आणि तोपर्यंत सेल संपलेला असतो, म्हणजे तेच मशीन परत घ्यायला गेलात तर पूर्ण भावाने. ईएमआयवर घेतलं असेल तर प्रोसेसिंग फी आणि तोपर्यंत लागलेलं व्याज-जीएसटी पण गेले. आणि मोठ्या उपकरणांना बऱ्याचदा पैसे परत नसतातच, बदलून देतात किंवा कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करतो. वस्तूच्या पानावर रिटर्नच्या जागी रिप्लेसमेंट किंवा सर्व्हिस सेंटर लिहिलेलं असेल तर तो अर्थ.

दुकानात जाताना २५% वाला स्क्रीनशॉट नेऊ नका, तो माणूस रोज असे दहा बघतो आणि त्याला मर्यादा माहीत असतात, त्याने तुमचं ऐकणंच बंद होईल. त्याऐवजी चेकआउटच्या शेवटच्या पानाचा ३०,५३९ वाला स्क्रीनशॉट न्या आणि सरळ सांगा की पॉइंट आणि कॅशबॅक धरून मला २९,६०० ला पडतंय, तुम्ही २९,५०० ला स्टँडसकट द्या, यूपीआयने आत्ता देतो. मी डीलरकडे असताना महिनाअखेरीला टार्गेट थोडं बाकी असलं की दोन-तीनशे रुपये सहज सोडले जायचे, तेव्हा जमलं तर पंचवीस तारखेनंतर जा. बिलावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून घ्या.